पाकीट कुठं उघडायचं? खान्देशातल्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांचा प्रवास

बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेचा बंदोबस्त गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलला. प्रत्येक बदलामागे एकच प्रश्न होता: पाकीट फुटल्यापासून कागद विद्यार्थ्याच्या हातात पडेपर्यंत किती वेळ जातो आणि त्या वेळात तो कोणासमोर असतो?

आधीचे टप्पे लांबलचक असले तरी तिथं माणसं मोजकी असतात. एका विषयाचे एकाहून अधिक संच काढले जातात आणि त्यांतला कोणता छापला जाणार, हे तो काढणाऱ्याला कळू दिलं जात नाही. छापखान्याचं नाव गुप्त राहतं. खराब निघालेले कागदही मोजून नष्ट करावे लागतात, कारण कचऱ्यात गेलेलं एक पानही पूर्ण प्रश्नपत्रिकाच असते.

तिथून पुढे माणसं वाढतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. सीलबंद गठ्ठे परिरक्षकाच्या, म्हणजे शाळांच्या बोलीत ‘कस्टोडियन’च्या ताब्यात कुलूपबंद खोलीत राहतात. पेपरच्या दिवशी सहायक परिरक्षक, म्हणजे ‘रनर’, फक्त त्या दिवसाच्या विषयाची पाकिटं केंद्रावर नेतो. अकराच्या पेपरसाठी विद्यार्थी साडेदहाला आत हवेत. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीच्या बाजूला जायचं असेल, तर रनरला शहरातल्यापेक्षा बराच आधी निघावं लागतं. साहजिकच पाकीट वाटेत आणि केंद्रावर जास्त वेळ राहतं.

इथं सगळ्यात महागात पडते ती साधी चूक, म्हणजे चुकीचं पाकीट फोडणं. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर वर्ष, रोमन अंकांत महिना, तारीख, वेळ आणि सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. पण तो दिसेपर्यंत पाकीट फुटलेलं असतं. म्हणून बाहेरचा विषय, तारीख आणि माध्यम दोघांनी मोठ्यानं वाचून वेळापत्रकाशी जुळवल्याशिवाय कात्री लावू नये. उद्याचा विषय आज उघडला, तर नुकसान त्या केंद्रापुरतं राहत नाही, कारण नऊही विभागांना प्रश्नपत्रिका एकच असते.

मोबाईल येण्याआधी केंद्रावर वीस मिनिटं लवकर पाकीट फुटलं तरी फारसं बिघडत नसे. कागद बाहेर न्या, झेरॉक्स काढा, वाटा, एवढ्याला वेळच पुरत नसे. कॅमेऱ्याच्या फोननं ही सवलत संपवली. २०१७ मध्ये मुंबईत बारावीचे पेपर सुरू होण्याच्या काही मिनिटं आधी व्हॉट्सअॅपवर फिरले. त्यानंतर मंडळानं २५ प्रतींचं सीलबंद पाकीट केंद्र संचालकांच्या खोलीऐवजी थेट ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या वर्गात, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन उघडायला लावलं. सील शाबूत असल्याची साक्ष आता ज्याचं नुकसान होऊ शकतं, तोच देतो.

तरीही १०.५० ला पेपर वाटून वाचायला दिलेली दहा मिनिटं उरली होती. तेवढ्यात पानं बाहेर जात असल्याचं दिसल्यावर २०२३ मध्ये ती बंद झाली. वाटप अकराला आणि शेवटी दहा मिनिटं जादा, अशी भरपाई झाली. रनरच्या फोनचं जीपीएस चालू ठेवणं आणि वाहतुकीचं चित्रीकरणही त्याच वर्षी आलं. त्याच परीक्षेत ३ मार्चला, जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजात बारावीच्या गणिताची दोन पानं वेळेआधी समाजमाध्यमांवर आली. अटक झालेल्यांत शिक्षक होते. जीपीएस गाडी कुठं थांबली ते सांगतं, पण पाकीट कोणी आणि कधी फोडलं हे त्याला कळत नाही.

कुलपाचंही तसंच. २०२४ च्या नीटमध्ये हजारीबागच्या केंद्रावर, सीबीआयच्या तपासानुसार, पेटी बिजागऱ्यांच्या बाजूनं उघडली गेली. म्हणून पेटी ताब्यात घेताना कुलपाइतकंच मागची बाजू आणि स्क्रू बघायला हवेत. ताजा ओरखडा किंवा नवा चकाकता स्क्रू दिसला, तर पेटी न उघडता आधी कळवावं.

एक फट मात्र आकड्यांतच आहे. समजा, भुसावळच्या एखाद्या केंद्रावर ३०० विद्यार्थी आहेत: मराठी माध्यमाचे २३५, उर्दूचे ४०, इंग्रजीचे २५. एका ब्लॉकमध्ये २५ धरले, तर मराठीचे ९ ब्लॉक पूर्ण भरतात आणि १० जण उरतात. उर्दूचा १ भरतो आणि १५ उरतात. इंग्रजीचा नेमका १ होतो. हे ११ ब्लॉक बिनधोक आहेत, कारण तिथं पाकीट तसंच आत जातं. उरलेल्या २५ जणांना दोन खोल्यांत माध्यमनिहाय वेगळं बसवलं, तर १० आणि १५ साठी एकेक बंद पाकीट देता येतं आणि जादा प्रती मोजून परत घेता येतात. जागा वाचवायला दोन्ही माध्यमं एकाच खोलीत मिसळली, तर पाकिटं फोडून प्रती वाटून घ्याव्या लागतात आणि विद्यार्थ्यांच्या नजरेआड सुटे कागद तयार होतात. त्यामुळे बैठक व्यवस्था आखतानाच एक खोली जास्त मागून घ्यावी. पेपरच्या सकाळी ती मिळत नाही.