राउटरच्या WAN मधला 192.168 आणि 100.64 : दोन्ही खासगी, पण एक घरातला, दुसरा कंपनीचा

माझ्या मेव्हण्याचं कळव्यात मेडिकल आहे आणि तो राहतो ऐरोलीत. रात्री दुकान बंद केल्यावर घरून कॅमेरे पाहता यावेत म्हणून त्याने कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर राउटरला जोडला आणि 8000 नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला. दुकानात बसून सगळं दिसायचं, घरी आल्यावर काहीच नाही. "भावोजी, पोर्ट तीनदा उघडून झाला. डीव्हीआरच बिघडलाय बहुतेक," असं म्हणत तो नवा डीव्हीआर घ्यायला निघाला होता. त्याला थांबवलं आणि आधी राउटरचं स्टेटस पान उघडायला लावलं.

त्या पानावर दोन वेगळे भाग असतात, आणि पहिली गफलत तिथेच होते. `LAN` खाली जो `192.168.0.1` दिसतो तो राउटरचा आतल्या बाजूचा पत्ता आहे. नेट चालू असो वा बंद, तो तसाच दिसतो. त्यावरून बाहेरच्या जोडणीबद्दल काहीच कळत नाही. बघायचा तो `WAN` किंवा `Internet` या नावाचा भाग, आणि त्यातल्या तीन ओळी: जोडणीचा प्रकार, `IP Address` आणि `Default Gateway`.

मेव्हण्याच्या पानावर हे होतं:

```
WAN
Connection Type: Dynamic IP
IP Address:      192.168.1.34
Default Gateway: 192.168.1.1
```

पत्ता आहे, म्हणजे जोडणी आहे, आणि नेट चालतही होतं. पण हा पत्ता खासगी आहे. नवी मुंबईत कोणी नुसतं "सेक्टर 10" सांगितलं तर रिक्षावाला विचारतो, कुठला? ऐरोलीतला, वाशीतला की नेरुळचा? खासगी पत्त्याचं तसंच आहे. `192.168.1.34` लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतो, त्यामुळे बाहेरून या पत्त्यावर कोणी पोचूच शकत नाही. 1996 सालच्या नियमानुसार असे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत: `10` ने सुरू होणारे सगळे, `192.168` ने सुरू होणारे सगळे, आणि `172.16` पासून `172.31` पर्यंतचे. शेवटच्या पट्ट्यात दुसरा आकडा नीट वाचावा लागतो. `172.20` खासगी आहे, `172.40` नाही.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. ते लगेच कंपनीला फोन करतात, "तुम्ही मला खासगी आयपी दिलाय, पब्लिक द्या." पण मेव्हण्याच्या राउटरवरचा `192.168.1.34` कंपनीने दिलाच नव्हता. तो दिला होता दुकानाच्याच भिंतीवरच्या फायबरच्या डब्याने, म्हणजे ओएनटीने. कंपनीचा माणूस जोडणी देताना जो डबा लावून जातो तो बहुतेक वेळा स्वतःच राउटरचं काम करत असतो. वायफाय दुबळं वाटलं म्हणून आपण त्याच्या पुढे दुसरा राउटर लावतो, आणि एकामागे एक दोन दारं तयार होतात. मेव्हणा आतलं दार तीनदा उघडून बसला होता. बाहेरचं बंदच होतं.

हे ओळखायची खूण `Default Gateway` या ओळीत आहे. दुकानात मोबाइल वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकलं, आणि ओएनटीचं लॉगिन पान उघडलं. गेटवेचा पत्ता टाकल्यावर घरातल्याच डब्याचं पान उघडलं, तर खासगी पत्ता घरातला आहे, यात शंका नको. पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर होता. आत गेल्यावर ओएनटीचं स्वतःचं `WAN` दिसलं:

```
Connection Type: PPPoE
Status:          Connected
IP Address:      100.87.14.203
```

दुसरी, जास्त फसवी गोष्ट ती ही. `100.87` पाहून मेव्हणा खूश झाला, कारण तो 10 नाही, 172 नाही, 192 नाही. पण `100.64` पासून `100.127` पर्यंतचा पट्टा 2012 मध्ये खास इंटरनेट कंपन्यांसाठी वेगळा काढला गेला. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल 2011 मध्ये, आशिया-पॅसिफिक विभागातला जुन्या धर्तीच्या पत्त्यांचा साठा संपत आला आणि उरलेले पत्ते हात राखून देणं सुरू झालं. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र पत्ता देणं परवडेना. म्हणून कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना आतले पत्ते देते आणि सगळ्यांना मिळून थोड्या सार्वजनिक पत्त्यांमागून बाहेर सोडते. याला सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी `192.168` किंवा `10` वापरले तर गिऱ्हाइकाच्या घरातल्याच पत्त्यांशी टक्कर व्हायची भीती, म्हणून हा वेगळा पट्टा. काही कंपन्या तरीही `10` चेच पत्ते देतात, ते वेगळं.

इथेही दुसरा आकडा वाचायचा. `100.63` आणि `100.128` हे सार्वजनिक आहेत, `100.87` नाही.

म्हणजे `192.168.1.34` आणि `100.87.14.203` या दोन्ही पत्त्यांवर बाहेरून पोचता येत नाही आणि दोन्हींचा त्रास वरवर सारखाच दिसतो: नेट चालतं, यूट्यूब चालतं, पण बाहेरून कॅमेरा उघडत नाही. उपाय मात्र पूर्ण वेगळे. पहिल्याचं दार तुमच्या भिंतीवर आहे, ते तुम्ही किंवा तुमचा केबलवाला उघडू शकतो. दुसऱ्याचं दार कंपनीच्या यंत्रावर आहे, तिथे तुम्ही घरात कितीही पोर्ट उघडा, काही फरक पडत नाही. मेव्हण्याकडे दोन्ही होती, आणि असं आढळणं मुळीच दुर्मीळ नाही. ओएनटीचं पान न उघडता त्याने कंपनीकडून पब्लिक आयपी विकत घेतला असता तरी राउटरवर `192.168.1.34` च दिसत राहिला असता, आणि पैसे वाया गेले असं त्याला वाटलं असतं.

काही जण यासाठी कमांड चालवून बघतात:

```
tracert -d 8.8.8.8
```

दोन दारं घरातली आहेत का, हे यात छान दिसतं: पहिल्या ओळीत `192.168.0.1`, दुसऱ्या ओळीत `192.168.1.1`. पण पुढे `10` चा पत्ता दिसला म्हणून आपण सीजीनॅटमागे आहोत असं ठरवू नका. कंपन्या आपल्या मधल्या यंत्रांना खासगी पत्ते देतातच, आणि गिऱ्हाइकाला सार्वजनिक पत्ता असतानाही ते वाटेत दिसतात. निकाल लागतो तो सगळ्यात बाहेरच्या डब्याच्या `WAN` ओळीवर.

मग आम्ही केबलवाल्याला बोलावलं आणि ओएनटी ब्रिजवर टाकायला सांगितलं, म्हणजे त्याने राउटरगिरी सोडून फक्त फायबरचा सिग्नल पुढे द्यायचा. ते सेटिंग आपल्या पासवर्डने बहुधा उघडत नाही, त्यांच्या पासवर्डने उघडतं. त्याने ते केलं आणि दुकानाचं नेट बंद पडलं. स्टेटस पानावर `0.0.0.0`. मेव्हण्याचा चेहरा उतरला, पण हे अपेक्षितच होतं.

`0.0.0.0`, रिकामी जागा किंवा नुसत्या रेघा म्हणजे पत्ता मिळालेलाच नाही. खासगी पत्त्यापेक्षा ही अवस्था पूर्ण वेगळी, कारण इथे नेटच नसतं. आमच्याकडे कारण साधं होतं: राउटर अजून `Dynamic IP` वर होता, पत्ता मागत होता, पण आता त्याला उत्तर देणारा ओएनटी ब्रिजवर गेला होता. कंपनीच्या बाजूला पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन होणारी जोडणी, लागतं. प्रकार बदलून युजरनेम-पासवर्ड टाकला, तरी `0.0.0.0` च, फक्त बाजूला आता `Authentication failed` असं आलं. हा संदेश खरं तर दिलासा देणारा असतो. समोरून कोणीतरी "नाही" म्हणालं, म्हणजे फायबर, ओएनटी आणि वायर ठीक आहे. पासवर्ड चुकला असेल, रिचार्ज संपला असेल, किंवा आमच्यासारखं, खातं जुन्या डब्याच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असेल. केबलवाल्याने फोन करून ते बंधन काढायला लावलं. याउलट तिथे नुसतं `Connecting` फिरत राहिलं तर समोरून उत्तरच येत नाही असं समजा, आणि आधी ओएनटीवरचा `LOS` दिवा लाल आहे का ते बघा. लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. राउटर रीसेट करून उपयोग नाही, उलट त्यातली पीपीपीओईची माहिती पुसली जाईल.

पाच मिनिटांत राउटरवर `100.87` चा पत्ता आला. एक दार कमी झालं, राउटर आता थेट कंपनीला जोडला गेला. उरलं ते कंपनीचं दार, त्यासाठी मेव्हण्याने पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागितला. दुसऱ्या दिवशी राउटर बंद-चालू केल्यावर `WAN` मध्ये `103` ने सुरू होणारा पत्ता दिसला. तो खरा आहे का याची परीक्षा एकच: त्याच वायफायवरून "माझा आयपी" दाखवणारं कुठलंही पान उघडायचं आणि दोन्ही पत्ते आकड्याला आकडा जुळतात का बघायचं. मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवा, नाहीतर तुलना भलत्याच पत्त्याशी होईल. पानावर ठिपक्यांऐवजी `:` असलेला लांबलचक पत्ता आला तर तो आयपीव्ही6 आहे. त्याच्याशी नाही, चार आकड्यांच्या पत्त्याशी ताडून बघायचं. मेव्हण्याचे दोन्ही जुळले, आणि रात्री ऐरोलीतून मोबाइल डेटावर कळव्याचं दुकान दिसलं.

प्रत्येकाला हे सगळं करावं लागतं असं मात्र नाही. डीव्हीआरच्या सिरियल नंबरवर चालणारी पीटूपी सोय सीजीनॅटमागूनही चालते, कारण तिथे डीव्हीआर स्वतःच बाहेर जाऊन सर्व्हरशी जोडणी करतो, आत येणाऱ्यासाठी दार लागत नाही. मेव्हण्याला चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जायला नको होतं, म्हणून त्याने सार्वजनिक पत्ता घेतला. तो मिळाल्या दिवशीच त्याला डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायला लावला. आता त्या पत्त्यावर जसा तो पोचतो, तसं दुसरं कोणीही पोचू शकतं.