सारांशाची रुजवात

सारांशाची रुजवात : एखाद्या दस्तऐवजाच्या सारांशातले प्रत्येक कलम, आकडा आणि नाव मूळ मजकुरात खरोखर आहे का, हे ओळीगणिक ताडून पाहण्याची रीत. ‘रुजवात’ हा शब्द कचेऱ्यांतला. महसूल किंवा न्यायालयाच्या खात्यातून मिळालेल्या नकलेच्या तळाशी ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’ अशा दोन सह्या असतात. ज्याने नक्कल उतरवली त्याच्याकडूनच ती तपासून घ्यायची नाही, हा त्यामागचा हिशोब. नकलेची रुजवात सोपी असते, कारण दोन्ही कागदांवर तेच शब्द असायला हवेत. सारांशात शब्द बदललेले असतात, क्रम बदललेला असतो आणि तीन पानांचे एक वाक्य झालेले असते. त्यामुळे मूळात नसलेली गोष्ट त्यात बेमालूम मिसळते. घाईत सारांश करणारा माणूस ही चूक करतो. संगणकाच्या भाषा-प्रारूपाने केलेल्या सारांशात तर ती फार सफाईदार भाषेत येते, म्हणून नजरेतून सुटते.

रुजवात कुठल्या दिशेने करायची हे आधी ठरवावे लागते. मूळ वाचत जाऊन ‘हे सारांशात आले का’ असे पाहिले तर गाळलेल्या गोष्टी सापडतात, घुसडलेल्या सापडत नाहीत. घुसडलेले शोधायचे तर सुरुवात सारांशाकडून करायची : त्यातले एक वाक्य घ्यायचे आणि त्याचा आधार मूळात शोधायचा. ही दोन कामे एकाच फेरीत उरकू पाहणारा दोन्हीकडे चुकतो.

नमुना. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा यासाठी चांगला कागद आहे. कायदा छोटा, ३१ कलमांचा आहे आणि त्याचे सारांश गावोगावच्या कार्यशाळांतून वाटले जातात. समजा, अशा एका सारांशात पुढील मजकूर आहे :

(१) अर्जदाराने कलम ६ नुसार १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. (२) कलम ७(१) नुसार ३० दिवसांत माहिती द्यावी. (३) दुसरे अपील कलम १९(३) नुसार ९० दिवसांत आयोगाकडे करावे. आयोगाने ते ४५ दिवसांत निकाली काढावे. (४) उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास कलम २०(१) नुसार दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होतो आणि कलम २०(३) नुसार ही रक्कम अर्जदारास मिळते. (५) वैयक्तिक माहिती कलम ८(१)(ज) नुसार नाकारता येते.

कामाची पहिली पायरी म्हणजे पेन्सिलीने प्रत्येक कलम, आकडा, मुदत, रक्कम आणि पदनाम अधोरेखित करणे. पाच वाक्यांत असे दीडेक डझन तपशील निघतात. मग कागदावर चार रकाने पाडायचे : सारांशातले शब्द, मूळातले ठिकाण, मूळातले शब्द जसेच्या तसे, आणि निकाल. तिसरा रकाना लिहायचा बहुतेकांना कंटाळा येतो आणि ‘आहे’ म्हणून बरोबरची खूण करून ते पुढे जातात. पण खरी चूक पकडणारा रकाना तोच असतो. हाताने उतरवताना शब्द अडखळवतात, नुसत्या नजरेला ते अडखळवत नाहीत.

पहिले वाक्य घेऊ. कलम ६ मध्ये १० रुपये कुठेच नाहीत. तिथे ‘विहित करण्यात येईल अशी फी’ एवढेच म्हटले आहे, रक्कम नियमांत आहे. महाराष्ट्रात १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प अर्जाला लावले जातात हे खरेच आहे. म्हणजे वाक्य व्यवहारात बरोबर आणि रुजवातीत नापास. असा तपशील सोडून द्यावासा वाटतो, पण सोडू नये. सारांश करणाऱ्याने कागदाबाहेरून काही आणले आहे याचा तो पुरावा असतो. आज आणलेले खरे निघाले, पुढच्या ओळीतले निघेलच असे नाही. सारांश करणाऱ्या प्रारूपांवरील २०२० च्या निबंधात जोशुआ मेनेझ आणि सहकाऱ्यांनी हाच भेद मांडला : मूळाशी विसंगत असलेले एक, आणि मूळात ज्याचा आधारच नाही असे दुसरे. दुसऱ्या प्रकारातले काही जगाच्या दृष्टीने खरे असू शकते. निकालाच्या रकान्यात त्यासाठी ‘चूक’ लिहू नये, ‘मूळात नाही’ असे लिहावे.

दुसऱ्या वाक्यात उलटी गंमत आहे. संगणकावर कायदा उघडून Ctrl+F ने ३० शोधले तर मुदत सापडणार नाही, कारण कायद्यात मुदती अक्षरी लिहिल्या आहेत : ‘तीस दिवसांच्या आत’. शिवाय देवनागरी ३० शोधल्यावर 30 सापडेलच याचा भरवसा नाही. संगणकाच्या लेखी ती वेगळी चिन्हे आहेत. स्कॅन केलेल्या राजपत्राच्या फाइलीत तर शोधण्याजोगा मजकूरच नसतो, किंवा असला तरी यंत्राने वाचताना १ चा ९ आणि ५ चा ६ झालेला असतो. म्हणून ‘शोधले, सापडले नाही’ यावरून तपशील बनावट ठरत नाही. शोध फक्त कुठे वाचायला बसायचे हे सांगतो.

तिसरे वाक्य सगळ्यांत फसवे. कलम १९(३) बरोबर, ९० दिवस बरोबर. ४५ दिवसांसाठी ‘पंचेचाळीस’ शोधले की कलम १९(६) मध्ये लगेच सापडतात. इथे घाईतला तपासनीस खूण करून मोकळा होतो. पण १९(६) नीट वाचले तर ती मुदत पोटकलम (१) किंवा (२) खालच्या अपिलांची, म्हणजे पहिल्या अपिलाची आहे : तीस दिवसांत निकाल, आणि कारणे नोंदवून वाढवली तरी दाखल झाल्यापासून एकूण पंचेचाळीस. दुसरे अपील पोटकलम (३) खालचे आहे, त्याला हे लागू नाही. पंचेचाळीस दिवस कलम २४ मध्येही आहेत, तेही वेगळ्याच कारणासाठी : गुप्तवार्ता आणि सुरक्षा संघटनांकडून मानवी हक्कांच्या उल्लंघनाची माहिती मागितली असेल तेव्हा. आकडा सापडला, पण तो ज्याला जोडला होता ती गोष्ट सापडली नाही. म्हणून रुजवातीचे एकक सुटा आकडा नसून जोडी असते : किती, आणि कशाचे. ४५ दिवस – कोणी, काय करण्यासाठी, कधीपासून मोजून – एवढे जुळले तरच खूण करायची.

आयोगाला दुसऱ्या अपिलासाठी मुदत घातलेलीच नाही, हे मात्र शोध घेऊन सिद्ध होत नाही. त्यासाठी कलम १९ ची दहाही पोटकलमे वाचावी लागतात. ‘आहे’ म्हणायला एक ओळ पुरते, ‘नाही’ म्हणायला अख्खे कलम लागते. वेळेचा अंदाज बांधताना हे धरून चालावे. माहिती आयोगांकडे वर्षानुवर्षे अपिले पडून असल्याची तक्रार ज्यांनी केली आहे त्यांना कायद्यात ही मुदत नाही हे चांगले ठाऊक असते. सारांशातल्या ४५ दिवसांवर विसंबून आयोगाला स्मरणपत्र पाठवणाऱ्या अर्जदाराला मात्र ते कलमच दाखवता येणार नाही.

चौथ्या वाक्याचा पूर्वार्ध शब्दशः जुळतो : दोनशे पन्नास रुपये, एकूण पंचवीस हजारांपेक्षा अधिक नाही. उत्तरार्ध बनावट आहे. कलम २० ला दोनच पोटकलमे आहेत, २०(३) अस्तित्वातच नाही. ही चूक पकडायला सर्वांत सोपी, कारण ते कलम उघडले की मोकळी जागा दिसते. ती कुठून आली असावी याचाही माग लागतो : कलम १९(८)(ख) खाली आयोग सार्वजनिक प्राधिकरणाला अर्जदाराची नुकसानभरपाई करायला लावू शकतो. भरपाई आणि दंड यांची सरमिसळ झाली आणि त्याला शोभेलसा क्रमांक चिकटवला गेला. याच वाक्यात ‘म्हणजे जास्तीत जास्त १०० दिवसांचा दंड’ असे असते तर? शंभर हा आकडा कायद्यात नाही, पण पंचवीस हजारांना अडीचशेने भागून तो निघतो. अशा तपशिलापुढे ‘काढलेला’ असे लिहून हिशोब शेजारी मांडावा.

पाचव्या वाक्यातला दोष मराठी वाचकालाच दिसेल. इंग्रजी पाठात वैयक्तिक माहितीचा खंड आठव्या कलमाच्या पहिल्या पोटकलमाचा दहावा, ‘जे’ अक्षराचा. मराठीत खंडांना क, ख, ग, घ, ङ या क्रमाने अक्षरे दिली जातात, तेव्हा दहावे अक्षर येते ञ. ‘जे’ चा उच्चार ऐकून ‘ज’ लिहिले की तो आठवा खंड होतो. आणि आठवा खंडही खराच आहे, तपासाला किंवा खटल्याला अडथळा आणणाऱ्या माहितीचा! क्रमांक अस्तित्वात आहे एवढ्यावर थांबणाऱ्याच्या हातून ही चूक हमखास निसटते. अशीच गल्लत ‘४(१)(ख)’ आणि ‘४(१)(ब)’ यांच्यात होते, फक्त तिथे दोन्ही रूपे कार्यालयांत रूढ आहेत आणि एकच खंड दाखवतात. ती चूक धरू नये, टीप लिहावी.

मोठ्या सारांशातले आकडे सुटू नयेत म्हणून यादी यंत्राकडून काढून घेता येते :

```
grep -noE '[0-9०१२३४५६७८९]+' saransh.txt
```

यातून ओळीच्या क्रमांकासह सगळे अंकी आकडे मिळतात. ‘तीन महिने’, ‘निम्मी रक्कम’, ‘लगतच्या वर्षी’ असले अक्षरी तपशील यातून सुटतात. ते पेन्सिलीनेच टिपावे लागतात.

मूळ कोणते? रुजवात जुन्या प्रतीशी केली तर खोटे खरे ठरते. मूळ कायद्यात माहिती आयुक्तांचा पदावधी पाच वर्षे होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो आकडा काढून केंद्र सरकार विहित करील तो अवधी असे शब्द घातले आणि नियमांनी तो तीन वर्षे केला. ‘पदावधी ५ वर्षे’ म्हणणारा सारांश २००५ च्या छापील पुस्तिकेशी तंतोतंत जुळेल. ‘३ वर्षे’ म्हणणारा सारांश दुरुस्त कायद्याशीही जुळणार नाही, कारण तीन हा आकडा नियमांत आहे, कायद्यात नाही. म्हणून तक्त्याच्या माथ्यावर मूळ प्रत कोणती, कोणत्या दुरुस्तीपर्यंतची आणि कोणत्या भाषेतली, हे पहिल्यांदा लिहितात.

काम दोघांनी करणे उत्तम : एकाने सारांशातले वाक्य मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळावर बोट ठेवून तिथले शब्द वाचून दाखवायचे. ‘हो, बरोबर’ हे उत्तर चालत नाही. माझ्या अनुभवात एकट्याने करताना दहाव्या-बाराव्या ओळीनंतर डोळा सारांशातलेच शब्द मूळात वाचू लागतो. त्यावर तोडगा म्हणून मी शेवटच्या वाक्यापासून उलटे वर जातो, म्हणजे मजकुराचा ओघ वाहून नेत नाही.

या रीतीने न सापडणारी चुकांची एक जात आहे. कलम २०(१) मध्ये दंड ‘वाजवी कारणाशिवाय’ विलंब झाला तर आहे आणि त्याआधी अधिकाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. नमुन्यातल्या चौथ्या वाक्यात या दोन्ही अटी नाहीत. त्याच्या पूर्वार्धातला प्रत्येक आकडा खरा, कलम खरे, तरी वाचणाऱ्याला दंड आपोआप होतो असे वाटते. ते पकडायला मूळाकडून सारांशाकडे जाणारी दुसरी फेरी लागते, आणि तिचा तक्ता वेगळा असतो.