बीपी लो वेगळं, रक्त कमी वेगळं

पोरीला चक्कर आली की आमच्या नाशिककडे निदान तयारच असतं, ‘बीपी लो झालं, मीठ-साखरेचं पाणी पाज.’ बीपी लो म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक आहे. एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आडवं पडून पाणी प्यायलं की सहसा सावरतं. त्यावर जास्त बोलत नाही.

घोळ पुढे आहे. पट्टा बांधून मोजतात तो रक्ताचा दाब. त्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन किती, हे त्या यंत्राला कळतच नाही. दाब छान आणि हिमोग्लोबिन तळाला, असं सर्रास असतं.

समजा, पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची नववीतली एक पोर आहे. हंडा घेऊन चढ चढताना दोनदा टेकते, वर्गात पेंगते, पाटीवरची पेन्सिल चोरून खाते. आजी महिनाभर मीठ-साखरेचं पाणी पाजते. उपकेंद्रात बीपी निघतं ११०/७०, अगदी ठीक. आजी म्हणते, ‘मग नाटकं करतेय.’ सिस्टर पोरीची खालची पापणी ओढून दाखवतात, आत लाली नाहीच. बोट टोचून तपासल्यावर हिमोग्लोबिन ८.६ भरतं. या वयात १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजेच रक्त कमी. पेन्सिल खाण्याची ओढही लोह कमी असल्याची खूण असते, तो निव्वळ चाळा नव्हे.

‘नागलीची भाकरी, भाजी सगळं खाते की!’ आजीचं चूक नाही, नागलीत लोह आहे. पण धान्य-भाजीतलं लोह अंगी कमीच लागतं आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यातलंही अडवतो. चहा सोडायची गरज नाही, जेवणानंतर तासाभराने घ्यावा. हुलग्यांच्या उसळीवर लिंबू पिळावं, जेवताना पेरू किंवा आवळा असावा. खात असाल तर सुकट, मटण, कलेजी यांतलं लोह जास्त सहज लागतं. आणि कृपा करून बीट पुढे करू नका! लाल रंगाचा लोहाशी संबंध नाही, बिटात ते फारसं नसतंच.

तरी ८.६ नुसत्या जेवणाने भरून निघत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. त्यांनी शौचाला काळं होतं, पोरी घाबरून तिथेच गोळ्या टाकतात. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. महिन्याभरात साधारण १ ग्रॅमची वाढ दिसायला हवी. आकडा १२ च्या वर गेला तरी शरीरातला साठा भरायला गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवतात. नियमित घेऊनही आकडा हलला नाही तर जंत, पाळीतला जादा रक्तस्राव आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, हे तपासून घ्यावं लागतं.