रक्त थांबते ते दाबाने, हळदीने नव्हे

पुण्यातल्या बहुतेक घरांत प्रथमोपचाराची पेटी असते, आणि ती उघडली की साधारण एकसारख्याच वस्तू दिसतात: चिकटपट्ट्या, जंतुनाशक मलम, तापाच्या गोळ्या, डोकेदुखीचा बाम, कापसाचे बंडल आणि थर्मामीटर. खरचटणे, भाजणे, ताप येणे यांसाठी ही तयारी पुरेशी आहे. परंतु खिडकीची काच फुटून मनगटाजवळ खोल जखम झाली आणि रक्त उसळून येऊ लागले, तर या पेटीतली एकही वस्तू उपयोगी पडत नाही. मग स्वयंपाकघरातून हळदीचा डबा येतो, कोणी कॉफीची पूड सुचवतो, कोणी हात नळाखाली धरायला सांगतो, आणि जी मिनिटे सर्वांत मोलाची असतात ती यातच जातात. अशा जखमेवर घरी करता येण्याजोगा खात्रीचा उपाय एकच आहे, तो म्हणजे जखमेवर थेट दाब देणे. तो का लागू पडतो हे नीट समजले, तर पेटीत काय हवे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण 65 ते 70 मिलिलिटर रक्त असते. साठ किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात ते सुमारे चार लिटर भरते. त्यातले सहाशे मिलिलिटरपर्यंत गेले तरी शरीर बहुधा सावरून घेते. पण बाराशे मिलिलिटरच्या पुढे गेले की रक्तदाब घसरू लागतो. तोवर शरीर हृदयाचे ठोके वाढवून आणि कातडीकडचा पुरवठा आखडून रक्तदाब टिकवून धरत असते. म्हणूनच घरातल्या यंत्रावर रक्तदाब ठीक दिसला म्हणून निश्चिंत होणे चुकीचे ठरते. त्याआधीच दिसणारी लक्षणे म्हणजे जलद नाडी, थंड आणि घामेजलेली कातडी, तहान, अस्वस्थपणा. बोलण्यात गोंधळ दिसू लागला तर हानी बरीच झालेली असते. रक्त ठोक्याठोक्याने उसळत असेल, फरशीवर त्याचे थारोळे साचत असेल किंवा कपडे भिजून ठिबकत असतील, तर रक्तस्राव गंभीर आहे असेच धरावे.

रक्त थांबवण्याची व्यवस्था शरीरात मुळातच आहे. रक्तवाहिनी फाटली की तिच्या भिंतीतले कोलॅजन उघडे पडते. डेंग्यूच्या दिवसांत ज्यांची संख्या घरोघरी पाठ होते त्या प्लेटलेट तेथे येऊन चिकटतात आणि एकमेकींना धरून तात्पुरते बूच तयार करतात. त्याच सुमारास रक्तातली प्रथिने एकामागून एक जागी होतात, शेवटी थ्रॉम्बिन तयार होते, आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवते. या धाग्यांच्या जाळ्याने ते बूच बळकट होते. या सगळ्याला काही मिनिटे लागतात. अडचण अशी की धमनीतला प्रवाह जोरात असेल, तर चिकटू पाहणाऱ्या प्लेटलेट निसटतात आणि नुकतेच तयार झालेले थ्रॉम्बिन वाहून जाते. गावकरी वनराई बंधारा पावसाळा सरल्यावर, ओढ्याचे पाणी ओसरल्यावर घालतात. पुरात टाकलेली पोती जागेवर राहत नाहीत. थेट दाबाने आपण हेच करतो. रक्त गोठवण्याचे काम रक्तच करते, आपण बाहेरून दाबून त्याचा पूर ओसरवतो आणि त्या कामाला लागणारा वेळ मिळवून देतो.

हळदीचा दोष यातूनच स्पष्ट होतो. पूड प्रवाहाच्या वरच्या बाजूला पडते, फाटलेल्या धमनीच्या तोंडापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी तेथे टिकत नाही. उरते ती जखमेतली घाण, जी पुढे शल्यचिकित्सकाला धुऊन काढावी लागते. शिवाय तिच्या थराखाली रक्त नेमके कोठून येते आहे हेच दिसेनासे होते. कॉफी, चहाची पूड, टूथपेस्ट, कोळ्याचे जाळे या सर्वांना हेच लागू आहे. परंपरेने आले आहे एवढ्यावरून अशा वेळी कशावरही विसंबू नये.

किती जोराने दाबावे, याचे उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. इंग्लंडमधले धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी 1733 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घोडीच्या धमनीत काचेची नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून वर चढले. माणसाच्या बाबतीत 120 मिलिमीटर पारा एवढा रक्तदाब म्हणजे रक्ताचा सुमारे दीड मीटर उंच स्तंभ. क्षेत्रफळाच्या हिशेबात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 160 ग्रॅम वजनाएवढा होतो. आता जखमेवर दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद घडी ठेवून तळहाताने दाबले, तर क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर होते आणि धमनीच्या दाबाची बरोबरी करायला सोळा किलोचा जोर लागतो. तोच दाब बोटांच्या टोकांखालच्या आठ चौरस सेंटिमीटरवर द्यायचा असेल, तर सव्वा किलोचा जोर पुरतो. त्वचा आणि स्नायू यांतून जाताना दाब पसरतो, म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट जोर धरावा, पण प्रमाण तेच राहते. गादीसारखा जाड कापूस किंवा चार पदरी टॉवेल का फसतो, हेही यावरून कळते. तो रक्त शोषून घेतो आणि दाब मात्र पसरवून टाकतो. आपल्याला रक्त टिपायचे नसून धमनीचे तोंड बंद करायचे आहे.

एक प्रसंग धरून चालू. सिंहगड रस्त्यावरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खिडकी पुसताना आईचा हात तडकलेल्या काचेतून आरपार गेला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, चार सेंटिमीटरची जखम झाली. घरात मुलगी आणि शेजारच्या काकू आहेत. मुलीने आईला तेथेच फरशीवर निजवावे. पलंगावर किंवा सोफ्यावर नव्हे, कारण मऊ पृष्ठभाग दाबाबरोबर खचतो. काकूंनी 108 ला फोन लावून स्पीकर चालू ठेवावा, पत्त्यासोबत जवळची खूण सांगावी, आणि कोणाला तरी फाटकाशी व लिफ्टपाशी उभे करावे. मुलीने हातमोजे चढवावेत, नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात घालावी, बाही कापावी आणि गॉझने जखम एकदाच टिपून रक्त नेमके कोणत्या बिंदूतून येते ते पाहावे. काचेचा तुकडा रुतलेला दिसला तर तो उपसू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. येथे तुकडा नाही असे समजू. मग गॉझची लहान, घट्ट घडी त्या बिंदूवर ठेवून दोन-तीन बोटांनी दाबावे, कोपर सरळ ठेवून शरीराचा भार बोटांवर येऊ द्यावा, आणि घड्याळात वेळ पाहून ठेवावी.

मनगटाच्या वर, कोपराच्या बाजूला दाबून येथे भागत नाही. अंगठ्याकडची आणि करंगळीकडची अशा दोन धमन्या तळहातात एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे कापलेल्या धमनीच्या बोटांकडच्या टोकातूनही रक्त येते. म्हणून दाब जखमेवरच हवा. धमनी पूर्ण तुटली असेल तर तिची टोके आखडून आत ओढली जातात. अर्धवट कापली गेली असेल तर तसे होत नाही आणि छोटी दिसणारी जखम अधिक वाहते.

आता दहा मिनिटे बोट उचलायचे नाही. सर्वांत जास्त चूक येथे होते, कारण दर अर्ध्या मिनिटाने उचलून पाहण्याचा मोह आवरत नाही आणि प्रत्येक वेळी नुकतेच विणले गेलेले जाळे गॉझबरोबर निघून येते. हात दुखू लागला तर काकूंनी आपली बोटे मुलीच्या बोटांवर ठेवावीत आणि मगच मुलीने हात काढावा. गॉझ भिजला तर त्यावर दुसरी घडी ठेवून जोर वाढवावा. तीही भिजली तर दाबाची जागा चुकते आहे असे समजावे, सर्व काढून बिंदू पुन्हा शोधावा आणि दहा मिनिटे नव्याने मोजावीत. आईला खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते; अंगावर पांघरूण मात्र घालावे, कारण शरीर थंड पडले की गोठण्याची क्रिया मंदावते. ती ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन यांसारखे रक्त गोठण्याला अडथळा करणारे औषध घेत असेल तर दहा मिनिटे पुरतीलच असे नाही, आणि ते फोनवरच सांगावे.

रक्त थांबले की घडी न हलवता तीवर क्रेप बँडेज घट्ट गुंडाळावे. नंतर त्या हाताच्या बोटाचे नख दाबून सोडावे. गुलाबी रंग दोनेक सेकंदांत परतला तर ठीक; बोटे निळसर किंवा बधिर होऊ लागली तर बँडेज किंचित सैल करावे.

रक्त तरीही उसळतच असेल, तर हातापायांच्या जखमांसाठी टुर्निकेट, म्हणजे दांडी पिळून आवळायचा पट्टा, हा पुढचा उपाय आहे. तो जखमेच्या पाच ते आठ सेंटिमीटर वर, सांधा टाळून बांधतात आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत दांडी पिळतात. वेदना तीव्र होतात, तरी रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो सोडायचा नाही आणि बांधल्याची वेळ लिहायची. सुतळी किंवा रुमाल नुसता आवळून बांधणे मात्र धोक्याचे आहे: एवढ्या दाबाने रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते आणि रक्तस्राव वाढतो. छाती आणि पोटातल्या आतल्या रक्तस्रावापर्यंत बाहेरचा दाब पोहोचत नाही, तेथे वेगच महत्त्वाचा. डोळ्यावर आणि कवटी खचलेल्या जागी दाबू नये.

पेटीसाठी यातून निघणारी यादी मोठी नाही. निर्जंतुक गॉझच्या तुकड्यांची दहा पाकिटे, गॉझचे दोन रोल, दहा सेंटिमीटर रुंदीची दोन क्रेप बँडेज, हातमोज्यांच्या तीन जोड्या, बोथट टोकांची मजबूत कात्री, चिकटपट्टीचे रीळ, त्रिकोणी बँडेज, छोटी विजेरी आणि मार्कर पेन. सगळे कोणत्याही मेडिकलच्या दुकानात मिळते. टुर्निकेट ठेवायचा असेल तर तो वापरायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणानंतरच घ्यावा. झाकणाच्या आत घरातल्या प्रत्येकाच्या नेहमीच्या औषधांची नावे लिहिलेला कागद चिकटवावा. पेटी स्नानगृहाच्या दमट कपाटात किंवा कुलपात ठेवू नये. स्वयंपाकघराजवळ, मोठ्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावी आणि सहा महिन्यांनी एकदा मुदती तपासाव्यात. पाकीट फाटले किंवा ओले झाले असेल तर आतला गॉझ निर्जंतुक मानू नये. परंतु रक्त उसळत असताना दुसरे काही हाताशी नसेल, तर धुतलेली सुती ओढणी घट्ट घडी करून वापरावी, कारण संसर्गावर नंतर उपचार करता येतात.