एकात्मिक कीड व्यवस्थापन

शेतातली कीड समूळ संपवण्याचा नाद सोडून ती नुकसानीच्या पातळीखाली रोखण्याच्या पद्धतीला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये या विचाराची मांडणी केली. फवारणीमुळे वाचणाऱ्या उत्पन्नातून तिचा खर्च निघेल, इतकी कीड झाल्यावरच औषध मारायचे, हे त्याचे सूत्र. त्यासाठी आधी कीड मोजावी लागते.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत हे मोजणे अवघड, कारण ती दिसत नाही. अंड्यातून निघालेली अळी लगेच पातीत, म्हणजे फुलाच्या कळीत, किंवा बोंडात शिरते, मागचे छिद्र बुजते आणि वरून बोंड हिरवेगार राहते. आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. अळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी वाणांनाही ती आता जुमानत नाही. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने मोठे नुकसान केले.

हंगामातला पहिला निर्णय पेरणीचा. मे महिन्यात लावलेल्या कपाशीला लवकर पात्या लागतात आणि सुप्तावस्थेतून उठलेल्या पतंगांना आयते खाद्य मिळते. म्हणून पेरणी जूनमध्ये पुरेसा पाऊस झाल्यावरच करावी. पहिल्या दोन महिन्यांत पानांचा रस शोषणारे तुडतुडे दिसले की हात पंपाकडे जातो. पण दर पानाला सरासरी दोन तुडतुडे होईपर्यंत थांबावे. घाईच्या फवारणीत ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटकच आधी मरतात.

पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी मादीच्या गंधाने पतंगांना ओढणारे कामगंध सापळे एकरी दोन लावावेत. त्यांत फक्त नर पतंग अडकतात, त्यामुळे सापळा म्हणजे उपाय नव्हे, इशारा. सापळ्यागणिक रोज आठ किंवा अधिक पतंग सलग तीन रात्री सापडले, तर पातळी ओलांडली. शिवाय पाकळ्या जाळ्याने बांधल्यासारख्या दिसणाऱ्या फुलांवर, म्हणजे डोमकळ्यांवर, नजर ठेवावी.

बोंडे लागल्यावर आठवड्यातून एकदा शेतात नागमोडी फिरून वीस झाडांवरचे प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडून फोडावे. समजा, सापळ्यात तीन, पाच, चार पतंग आले आणि वीसपैकी एका बोंडात जिवंत अळी निघाली: फवारणी नको. डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात, पाच टक्के निंबोळी अर्क मारावा किंवा किडीची अंडी नष्ट करणाऱ्या मित्रकीटकांची ट्रायकोकार्ड लावावीत. पुढच्या आठवड्यात दोन बोंडांत अळी निघाली, तर दहा टक्क्यांची मर्यादा गाठली. आता शिफारस केलेले एकच कीटकनाशक, लेबलवरच्या मात्रेत. दोन-तीन औषधांचे घरगुती मिश्रण नको. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली होती. बाहेरून डाग पाहून किंवा एकाच कडेची बोंडे तोडून केलेली मोजणी मात्र फसवते.

शेवटचा निर्णय डिसेंबरचा. पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेण्याचा मोह होतो. पण त्या बोंडांतच अळ्यांची पुढची पिढी पोसली जाते. पऱ्हाटी उपटून बांधावर रचली, तरी किडक्या बोंडांतली सुप्त अळी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरते.