चाक अडवणारे कुलूप आणि गाडी बांधणारे कुलूप

पुण्यासारख्या गर्दीच्या शहरात ‘मी गाडी लॉक केली होती’ हे वाक्य चोरी झाल्यावर हमखास ऐकू येते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु लॉक करणे या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामे येतात. एक प्रकारचे कुलूप गाडीचे चाक किंवा हँडल अडवते, म्हणजे ती चालवता किंवा सरळ ढकलता येत नाही. दुसऱ्या प्रकारचे कुलूप गाडीला जमिनीत घट्ट रोवलेल्या वस्तूशी बांधते, म्हणजे ती जागेवरून उचलून नेता येत नाही. सायकलच्या मागच्या चाकाला बसवलेले गोल कुलूप, स्कूटरचे हँडल लॉक आणि ब्रेकच्या चकतीत अडकवायचे डिस्क लॉक हे पहिल्या प्रकारात मोडतात, तर यू-लॉक आणि जाड साखळी ही खांबात किंवा कठड्यात अडकवली तरच दुसऱ्या प्रकारात येतात. हीच साखळी नुसती चाक आणि सांगाडा यांच्याभोवती गुंडाळून ठेवली, तर ती कितीही महाग असली तरी पहिल्याच प्रकारचे काम करते.

हा फरक का महत्त्वाचा, हे वजनावरून कळते. साधी हायब्रिड सायकल बारा ते पंधरा किलोंची असते. तिचे मागचे चाक अडवले असले तरी ती खांद्यावर टाकून कोपऱ्यापर्यंत नेता येते आणि कुलूप नंतर निवांत तोडता येते. गोल कुलपाचा उपयोग इतकाच की कोणी सहज टांग मारून निघून जाऊ शकत नाही. डोळ्यांसमोर सायकल ठेवून दुकानात दूध घेण्यापुरते ते पुरेसे आहे, तासाभरासाठी नाही. याउलट ११० सीसीची स्कूटर शंभर किलोंच्या आसपास भरते आणि एकट्याला उचलता येत नाही. म्हणूनच स्कूटरच्या बाबतीत चाक अडवणे दिवसा बरेच काम करते आणि सायकलच्या बाबतीत फारसे करत नाही.

सायकल बांधताना काय काय सुटते, हे नीट पाहण्यासारखे आहे. समजा, एक हायब्रिड सायकल रेल्वे स्थानकाबाहेरच्या लोखंडी कठड्याशी लावायची आहे, पुढचे चाक हाताने फिरवायच्या खिट्टीने बसवलेले आहे आणि मालकाकडे एक यू-लॉक व एक केबल आहे. घाईत हाताशी येते ते पुढचे चाक, म्हणून यू-लॉक त्याच्याभोवतीच लावले जाते. परतल्यावर कठड्याला नुसते चाक अडकलेले दिसते, बाकी सायकल गेलेली असते. नुसता सांगाडा बांधला तर चाके जातात. योग्य पद्धत अशी की यू-लॉक मागच्या चाकातून, सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणाच्या आतल्या बाजूने आणि कठड्याभोवती घ्यावे, म्हणजे चाक त्या त्रिकोणातून बाहेर ओढता येत नाही आणि चाक व सांगाडा एकाच कुलपात अडकतात. पुढचे चाक केबलने यू-लॉकशी जोडावे. केबल इथे मदतनीस म्हणून चालते, एकटी नाही. प्लास्टिकच्या जाड वेष्टणामुळे ती भक्कम वाटते, पण आत बारीक तारांचा पीळ असतो आणि चांगला कटर तो काही क्षणांत तोडतो. आकड्यांच्या कुलपाबाबत आणखी एक सवय घातक ठरते: बंद करताना बहुतेक जण फक्त शेवटची चकती एक-दोन घरे फिरवतात. त्यामुळे शोधणाऱ्याला चार आकडे नव्हे, एकच आकडा शोधावा लागतो.

कुलूप कुठे टेकते यालाही महत्त्व आहे. साखळी जमिनीवर लोळत असेल, तर मोठ्या कटरचा एक दांडा फरशीवर टेकवून दुसऱ्यावर सगळ्या अंगाचा भार टाकता येतो. तीच साखळी वर आणि घट्ट असेल तर हे जमत नाही. खांबही तपासावा. तो दोन्ही हातांनी हलवून व वर ओढून पाहावा, कारण सैल खांब सायकलसकट उपसता येतो आणि बुटका खांब असला तर सायकल वरून काढता येते. विजेच्या खांबाला मात्र कधीही बांधू नये. पावसाळ्यात त्यात प्रवाह उतरण्याचा धोका असतो. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे कोणतेच कुलूप कायम टिकत नाही, पण त्याचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत, म्हणून वर्दळीची व उजेडाची जागा कुलपाइतकीच उपयोगी पडते.

स्कूटरच्या हँडल लॉकवर लोकांचा गरजेपेक्षा जास्त विश्वास आहे, असे मला वाटते. त्यात एक छोटी खिट्टी हँडलच्या दांड्यातील खाचेत बसते, एवढेच. हँडल दोन्ही हातांनी धरून जोराचा हिसका दिला की खिट्टी किंवा तिची बैठक तुटते. त्यानंतर गाडी सुरू करण्याचीही गरज नसते. एक जण तिच्यावर बसतो आणि मागून दुसऱ्या दुचाकीवरचा साथीदार पाय लावून ढकलत नेतो. बघणाऱ्यांना पेट्रोल संपलेल्या गाडीला टोचन दिल्यासारखेच दिसते आणि कोणी हटकत नाही. चाक अडवणारे दुसरे कुलूप नेमके इथे उपयोगी पडते, कारण फिरत नसलेले चाक घेऊन हा प्रकार करता येत नाही. मात्र डिस्क लॉक घेण्याआधी आपल्या गाडीला डिस्क ब्रेक आहे का ते पाहावे. अनेक स्कूटरना ड्रम ब्रेकच असतात आणि तिथे चाकातून घेतलेली साखळीच हवी. डिस्क लॉक लावल्याचे विसरून गाडी पुढे काढली तर ब्रेकचे नुकसान होते आणि पडण्याची भीती असते, म्हणून कुलपापासून हँडलपर्यंत रंगीत दोरी लावण्याची पद्धत आहे. जुन्या गाडीची चावी चालू स्थितीतही बाहेर निघत असेल, तर आतले कुलूप झिजले आहे आणि भलतीच चावीही त्यात फिरू शकते, असे समजून ते बदलून घ्यावे.

रात्री मात्र स्कूटरचाही हिशोब बदलतो. दोघे-तिघे मिळून ती टेम्पोत चढवू शकतात, तेव्हा चाक अडवल्याने काही साधत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीत किंवा फरशीत पक्की कडी बसवून, साखळी मागच्या चाकातून व सांगाड्याच्या बंद भागातून त्या कडीत घ्यावी. लेग गार्ड, मागचे हँडल किंवा फूटरेस्ट हे भाग बोल्टवर असल्याने एका पान्ह्याने सुटतात. त्यांना बांधणे व्यर्थ आहे. रस्त्यावर मात्र स्कूटर साखळीने खांबाला बांधण्याआधी तिथे पार्किंगला परवानगी आहे का ते पाहावे, आणि पी-१, पी-२ च्या पाट्या असतील तिथे तारीख सम की विषम हेही लक्षात घ्यावे. गाडी जागेवर नसेल तर चोरीची तक्रार देण्याआधी वाहतूक पोलिसांनी ती उचलून नेली आहे का, याची चौकशी करावी.

कागदांच्या बाबतीतही दोन्ही वाहने वेगळी आहेत. स्कूटरचा विमा केवळ थर्ड पार्टी असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही, आणि सर्वसमावेशक विमा असला तरी कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. म्हणून दुसरी चावी डिकीत ठेवू नये. सायकलला आरसी बुक नसते. तिची ओळख म्हणजे बहुधा पेडलचे दांडे जिथे जोडलेले असतात तिथे, सांगाड्याच्या तळाशी कोरलेला क्रमांक. सायकल उलटी करून त्याचा आणि बिलाचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा.