खेळण्यांचा न दिसणारा जकात नाका

भाचीच्या बाळाच्या बारशाला खुळखुळा घ्यायचा म्हणून गेल्या महिन्यात इंदूरच्या राणीपुऱ्यात गेले होते. दुकानदार काकांनी खोका हातात दिला तो उलटा करूनच. "ताई, आयएसआय आहे, बघून घ्या." चिन्हाच्या वर आयएस ९८७३ असा मानकाचा क्रमांक होता आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. तो खालचा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणत्या कारखान्याचा आहे आणि तो चालू आहे का, ते कळतं.

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आजीच्या वेळेपासून इंदूरचा चामड्याचा घोडा उभा आहे. आत तारेचा सांगाडा, त्याभोवती भरण आणि वरून ताणून बसवलेलं, रंगवलेलं चामडं. इंदूरच्या या चर्मखेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या घोड्यावर कसलंच चिन्ह नाही, आणि आज नवा घेतला तरी ते असण्याची सक्ती नाही. एकाच घरातल्या या दोन खेळण्यांमधला फरक नीट पाहिला, तर मानकांच्या आडून घरच्या उद्योगाला संरक्षण कसं दिलं जातं ते समजतं.

आधी ते मानक काय तपासतं ते पाहू, कारण ते ढोंग नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला सुटा होणारा बारीक तुकडा असता कामा नये. त्यासाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची, तिरप्या तळाची एक नळी असते. लहान मुलाचा घसा डोळ्यांसमोर ठेवूनच तिचं माप ठरवलेलं आहे. खेळणं पाडतात, पिळतात, त्याचे डोळे-बटणं साधारण सात किलो वजनाइतक्या जोराने ओढतात. निघालेला तुकडा न दाबता त्या नळीत पूर्ण मावला, तर खेळणं नापास. रंगाची परीक्षा वेगळी. रंग खरवडून तो अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात, ३७ अंश तापमानाला, तासभर हलवतात आणि मग तासभर तसाच ठेवतात. मुलाने रंग चाटला तर पोटात काय घडेल, त्याची ही नक्कल. आम्लात उतरलेलं शिसं एक किलो रंगामागे ९० मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर माल बाद.

धोकाही काल्पनिक नव्हता. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरातून आयात खेळण्यांचे १२१ नमुने घेऊन तपासले, तेव्हा सुमारे ६७ टक्के नापास झाले. पुढे खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून, चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीचं खेळणं आयएसआय चिन्हाशिवाय विकणं बेकायदा ठरलं.

जागतिक व्यापार संघटनेचा तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करार १९९५ पासून लागू आहे. असा नियम करायला मुलांची सुरक्षितता हे त्यात पूर्णपणे मान्य कारण आहे. शक्यतो आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार घ्या, असंही तो सांगतो, आणि आपलं आयएस ९८७३ हे आयएसओ ८१२४ या आंतरराष्ट्रीय मानकावरच बेतलेलं आहे. म्हणजे इथवर बोट ठेवायला जागा नाही. अडथळा शोधायचा तर मानकाचं पुस्तक मिटून परवान्याचा अर्ज उघडावा लागतो.

या पद्धतीत परवाना खेळण्याला नाही, कारखान्याला मिळतो. समजा चीनमधल्या शेनझेनच्या एका कारखानदाराकडे नामांकित प्रयोगशाळेचा, त्याच आयएसओ चाचण्यांचा, सगळीकडे उत्तीर्ण असा अहवाल आहे. तो इथे पुरेसा नाही. त्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो, बँकेची हमी द्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे ब्युरोच्या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन कारखाना पाहावा लागतो. तो प्रवासखर्चही अर्जदाराचाच. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात अधिकारी सकाळी गाडीने जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो. शेनझेनला जायला व्हिसा, परवानगी, तारीख सगळं जुळावं लागतं, आणि हा आदेश लागू झाला तेव्हा तर कोविडने सीमा बंद होत्या. अर्ज फेटाळायची गरजच पडत नाही. तपासणीची तारीख लागली नाही की माल आपोआप बाहेर राहतो. म्हणूनच करारात वेगळं कलम आहे की प्रमाणन होईल तितक्या लवकर व्हावं आणि परक्या मालाला घरच्या मालापेक्षा वाईट वागणूक मिळू नये. अमेरिका आणि युरोपीय संघाने या आदेशावर संघटनेच्या जिनिव्हातल्या समितीत हरकती घेतल्या.

निकाल आकड्यांत दिसतो. सरकारच्याच माहितीनुसार देशातल्या खेळणी कारखान्यांना १,२०० हून अधिक परवाने मिळाले तेव्हा परदेशी कारखान्यांना मिळालेले तीसच्या आसपास होते. २०१४-१५ मध्ये ३३ कोटी डॉलरच्या घरात असलेली आयात २०२२-२३ मध्ये सुमारे १६ कोटींवर आली. पण इथे घाई करू नये. याच काळात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० आणि पुढे ७० टक्क्यांवर गेलं, मध्ये महामारीही येऊन गेली. घट झाली ती कशामुळे किती, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. मला परवान्यांचं प्रमाण जास्त बोलकं वाटतं, कारण शुल्क भरून माल आणायला तयार असलेल्या व्यापाऱ्यालाही परवान्याशिवाय तो आणता येत नाही.

आता घोड्याकडे येऊ. डिसेंबर २०२० मध्ये, आदेश लागू होण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, दुरुस्ती निघाली. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांची खेळणी आणि भौगोलिक मानांकनाचे अधिकृत उत्पादक करतात ती खेळणी यातून वगळली गेली. माणुसकीच्या नजरेने हा निर्णय बरोबरच होता. दोन खोल्यांत काम करणाऱ्या घराला कारखान्याचा परवाना झेपणार नाही. पण मुलाच्या पोटातल्या आम्लाला रंग कारखान्यात लावला की कारागिराने हाताने, हे कळत नाही. धोक्याच्या कारणाने केलेल्या नियमात धोका तोच ठेवून फक्त घरच्यांना सूट दिली, की नियमाचा दुसरा हेतू उघडा पडतो.

अमेरिकेचा असाच एक नियम याच कसोटीवर पडला. २००९ च्या कायद्याने तिथे स्वादाच्या सिगारेटींवर बंदी आली, कारण गोड वासाने तरुण पोरं ओढायला लागतात. त्यात लवंगेच्या सिगारेटी गेल्या, आणि त्या येत मुख्यतः इंडोनेशियातून. मेंथॉलच्या मात्र वगळल्या. त्या बहुतांश अमेरिकेतच बनणाऱ्या. अमेरिकेचं म्हणणं असं की मेंथॉल एकदम बंद केलं तर लाखो लोकांना व्यसन सोडताना त्रास होईल आणि काळा बाजार फोफावेल. २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने निकाल दिला: तरुणांना वाचवण्याचा हेतू योग्य, पण मेंथॉलही तरुणांना तितकंच ओढतं, तेव्हा ही सूट म्हणजे भेदभाव.

आपल्या कारागिरांची सूट काढा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. सूट कशाची, ते बदलायला हवं. कारखान्याची तपासणी, वार्षिक शुल्क, स्वतःची प्रयोगशाळा, हे सगळं कारागिराला माफ असू द्या. रंगाच्या डब्याची शिशाची चाचणी मात्र सरकारी खर्चाने व्हावी. एकच रंग घेणाऱ्या सगळ्या घरांना मिळून एक नमुना पुरतो. आणि परदेशी कारखान्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल धरून बंदरावर अधूनमधून खोके उघडून नमुने तपासावेत. तसं केलं तर घोडा, खुळखुळा आणि शेनझेनची मोटार यांची परीक्षा एकाच आम्लात होईल.

बारशाला मी खुळखुळाच दिला. घोड्याचा रंग कुणी कधी तपासलेला नाही, म्हणून बाळ घरी आलं की कपाटाची काच मी बंद ठेवते.